नैतिक पेचावरच्या निबंधाला परत परत 'विश्लेषण कुठंय?' असा शेरा येतोय? मग हे करून बघा

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचाच प्रॉब्लेम आहे का ते कळेल. निबंधाचं पहिलं पान परिस्थिती सांगण्यात जातं, मग 'उपयुक्ततावादानुसार...' असा एक परिच्छेद, 'कांटच्या मते...' असा दुसरा, 'सद्गुण नीतिशास्त्र म्हणतं...' असा तिसरा, आणि शेवटी 'दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे, परंतु माझ्या मते सत्याची कास धरावी'. भाषा नीट, शुद्धलेखन नीट, तरी लाल पेनने विश्लेषण कुठंय म्हणून विचारलेलं. मी स्वतः कॉलेजात असताना हा शेरा दोनदा घेतलाय आणि आता ज्युनियर पोरांचे ड्राफ्ट वाचून देतो तेव्हा दहातल्या सात-आठांत हेच दिसतं.

तपासायची एक सोपी युक्ती आहे. मधले तीन थिअरीवाले परिच्छेद हाताने झाका आणि फक्त सुरुवात आणि शेवट वाचा. शेवट जसाच्या तसा उभा राहिला, म्हणजे मधलं काही नसतानाही तुम्ही त्याच निष्कर्षाला आला असतात, तर मधलं सगळं भरताड आहे. तपासणाऱ्याला हे न झाकताही दिसतं.

कारण बहुतेक वेळा एकच असतं, ते म्हणजे आपण थिअरीपासून सुरू करतो. वर्गात तीन थिअऱ्या शिकवलेल्या असतात, त्या तीन डब्यांसारख्या मांडायच्या आणि प्रत्येक डब्यात परिस्थिती थोडी थोडी वाढायची. पण पेच नेमका कुठे अडलाय हेच आधी शोधलेलं नसतं, त्यामुळे प्रत्येक थिअरी वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत बसते.

एक उदाहरण घेऊन पूर्ण करून दाखवतो, नुसत्या पायऱ्या सांगून डोक्यात काही राहत नाही. ग्रुप प्रोजेक्ट आहे, तुम्ही धरून चार जण. रिपोर्टमधली दोन पानं दुसरीकडून जशीच्या तशी उचललेली सापडली. ती पानं एका वर्गमैत्रिणीच्या नावाखालच्या भागात आहेत. ती म्हणते मी हे लिहिलंच नाही, मी तेव्हा आजारी होते, पण कुणी ऐकत नाही. शुक्रवारी मॅडम निर्णय देणार आणि तिला शून्य मिळणार. इकडे तुमचा जवळचा मित्र, जो त्याच ग्रुपमध्ये आहे, तो म्हणतो 'आधी वचन दे कुणाला सांगणार नाहीस', तुम्ही देता, आणि मग तो सांगतो की सबमिशनच्या आदल्या रात्री तिचा भाग रिकामा होता म्हणून मीच ती दोन पानं टाकली, ग्रुपचं नुकसान नको म्हणून. आता प्रश्न: तुम्ही काय करावं?

पायरी १: पेच एका वाक्यात बसवा

वाक्याचा साचा असा आहे. 'मी अमुक करायला हवं कारण ___. मी तमुक करायला हवं कारण ___. दोन्ही एकत्र जमत नाही कारण ___.' तीन रिकाम्या जागा. पोरं पहिल्या दोन भरतात आणि तिसरी सोडून देतात, आणि खरी गंमत तिसरीतच असते.

आधी पहिल्या दोन बघू. बहुतेक जण लिहितात 'मी गप्प राहायला हवं कारण नाहीतर मैत्री तुटेल'. हे खोडा. मैत्री तुटण्याची भीती ही तुमची अडचण झाली, कर्तव्य नाही झालं. एका बाजूला कर्तव्य आणि दुसऱ्या बाजूला नुसती गैरसोय असेल तर त्याला धर्मसंकट म्हणत नाहीत, मोह म्हणतात, आणि मोहावरच्या निबंधात विश्लेषण करायला काही नसतंच, म्हणून तर तुमचा शेवट प्रवचनासारखा होतो. आपल्या उदाहरणात गप्प राहायचं खरं कारण आहे दिलेला शब्द. मित्राने त्या शब्दावर विसंबून सांगितलं, नाहीतर सांगितलंच नसतं. आणि बोलायचं कारण आहे की निर्दोष मुलीला शिक्षा होतेय आणि ती थांबवू शकेल अशी माहिती तुमच्याकडे आहे. दोन्हीकडे वजन आहे.

तिसरी जागा: दोन्ही एकत्र का जमत नाही? कारण शुक्रवार. मुदत नसती तर मित्राला समजावत बसता आलं असतं. म्हणजे हा पेच 'मैत्री की सत्य' असा हवेतला नाहीच, शुक्रवारपर्यंतचा आहे. एवढं लिहिलंत की अर्धा निबंध जागेवर येतो.

पायरी २: माहीत असलेलं आणि गृहीत धरलेलं वेगळं करा

ही पटकन होते, पाच मिनिटांचं काम. कागदावर मधे रेघ मारा. डावीकडे परिस्थितीत स्पष्ट दिलेलं: पानं उचललेली आहेत, ती मित्राने टाकली हे त्याने स्वतः सांगितलं, निर्णय शुक्रवारी. उजवीकडे तुम्ही धरून चाललेलं: मित्राला कॉलेजातून काढतील, मुलीचं करिअर बरबाद होईल, मॅडम ऐकणारच नाहीत. उजवीकडचं एखादं वाक्य निबंधात घ्यायचं असेल तर 'जर' लावून घ्या. उपयुक्ततावादाच्या परिच्छेदात सगळ्यात जास्त घाण याच उजव्या बाजूची होते, कारण परिणाम मोजायचे म्हटलं की लोक परिणाम शोधून न काढता रचूनच टाकतात.

पायरी ३: दोनच्या वर पर्याय लिहा, आणि प्रत्येक पर्याय एक पाऊल पुढे चालवून बघा

'सांगावं की न सांगावं' एवढ्यावर थांबलात तर निबंध नाणेफेक होतो. इथे निदान चार पर्याय आहेत: गप्प बसणं, मॅडमना सगळं सांगणं, मित्राला गुरुवारपर्यंत स्वतः कबूल करायला लावणं, किंवा नाव न घेता मॅडमना एवढंच सांगणं की 'ती नव्हती'.

चौथा पर्याय सगळ्यांना आवडतो कारण त्यात शब्दही राहतो आणि मुलगीही वाचते असं वाटतं. आता तो एक पाऊल पुढे चालवा. ग्रुपमध्ये चार जण. तुम्ही म्हणालात ती नव्हती, आणि मीही नव्हतो. उरले दोन. त्यातला एक मित्र, दुसरा एक बिचारा ज्याचा यात काही संबंध नाही, आणि आता संशय त्याच्यावरही येणार. म्हणजे तुम्ही एका निर्दोषाला बाहेर काढून दुसऱ्या निर्दोषाला आत ढकललं, शिवाय मित्राचं नाव अर्धं सांगूनच टाकलं. हे दोन ओळींत लिहिलंत तर तपासणारा सरळ होऊन बसतो, कारण इथे पहिल्यांदा कुणीतरी परिस्थितीकडे बघून विचार केलेला दिसतो.

तिसरा पर्याय, मित्राला कबूल करायला लावणं, हा खरंच चांगला आहे आणि आधी तोच करावा. पण पोरं इथे सुटकेचा श्वास सोडतात आणि लिहितात 'अशा प्रकारे पेच सुटला'. सुटला नाही हो, पुढे ढकलला गेला. गुरुवारी संध्याकाळी मित्र म्हणाला 'नाही सांगणार' तर? तुमचा निबंध खरं तर त्या गुरुवार संध्याकाळवर लिहायचा आहे. सोपा मार्ग वापरून झाल्यावर जे उरतं तोच पेच, आणि प्रस्तावनेच्या शेवटीच तसं सांगून टाका: 'मित्राने नकार दिल्यावर काय करावं, हा या निबंधाचा प्रश्न आहे.'

पायरी ४: आता थिअरी, पण तिला प्रश्न विचारा

थिअरी काय म्हणते ते सांगायचं नसतं, या पेचातली कुठली गोष्ट ती दाखवते ते सांगायचं असतं. तिन्हींना समान जागा द्यायची गरज नाही. जी चावते ती घ्या.

सगळ्यात जास्त चुका कांटवर होतात. पोरं लिहितात 'कांटच्या मते वचन मोडणं चूक, म्हणून गप्प राहावं', संपलं. पण कांटने 1785 मध्ये जे उदाहरण दिलंय ते बघा. एक माणूस पैसे उसने घेतो, परत देईन असं वचन देतो, आणि ते देता येणार नाही हे त्याला वचन देतानाच माहीत असतं. ते खोटं वचन आहे. तुम्ही दिलेलं खोटं नव्हतं, देताना तुम्हाला पाळायचंच होतं, फक्त आत काय आहे ते माहीत नव्हतं. तेव्हा ते उदाहरण इथे उचलून चिकटवता येत नाही. उलट त्याचंच दुसरं सूत्र, की माणसाला कधीही निव्वळ साधन म्हणून वापरू नये, ते इथे जोरात लागू पडतं, कारण मित्र त्या मुलीची ढाल करतोय आणि तुमच्या गप्प राहण्याने ती ढाल टिकतेय. म्हणजे कांट कदाचित 'बोला' म्हणणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसतो. हे वाद घालण्यासारखं आहे, आणि वाद घालण्यासारखं काहीतरी असणं हेच हवंय.

माझ्या मते अशा पेचाला सगळ्यात उपयोगी पडतो डब्ल्यू. डी. रॉस हा तत्त्वज्ञ. वर्गात त्याला फार कुणी हात लावत नाही. त्याने 1930 मध्ये मांडलं की आपल्यावर बऱ्याच प्रकारची प्रथमदर्शनी कर्तव्यं असतात: शब्द पाळणं, केलेल्या चुकीची भरपाई, कृतज्ञता, न्याय, दुसऱ्याचं भलं, स्वतःला सुधारणं, आणि कुणाला इजा न करणं. यांची कायमची उतरंड नसते, प्रत्येक प्रसंगात कुठलं जड ते तिथे बघून ठरवायचं. आपल्याकडे शब्द पाळणं विरुद्ध न्याय अशी जोडी सरळ मिळते. आणि एक प्रश्नही मिळतो: गप्प राहिलो तर मी तिला इजा करतोय, की फक्त मदत करत नाहीये? इजा न करणं हे रॉसच्या मते साधारणपणे भलं करण्यापेक्षा जास्त बंधनकारक, म्हणून हा फरक महत्त्वाचा. इथे मी एक अख्खा परिच्छेद खर्च करेन आणि उपयुक्ततावादाला चार ओळी देईन.

दाखले देताना एक सावधगिरी. महाभारतातल्या कर्णपर्वात कौशिकाची गोष्ट आहे, सत्य बोलायचं व्रत घेतलेला, दरोडेखोरांनी विचारलं लोक कुठे लपलेत आणि याने खरं सांगितलं, ते लोक मारले गेले आणि हा नरकात गेला. कांटने 1797 मध्ये जवळजवळ तसाच प्रसंग घेतला, खुनी दारात येऊन तुझा मित्र कुठंय विचारतो, आणि उत्तर नेमकं उलटं दिलं की तरीही खोटं बोलू नये. जोडी झकास आहे, निबंधात छान दिसते, पण आपल्या उदाहरणाला बसते का? तिथे प्रश्न खोटं बोलण्याचा आहे आणि जिवावर बेतलेलं आहे. इथे गुप्त ठेवण्याचा आहे आणि शून्य मार्कांचं आहे. दाखला वापरायचा तर हा फरक तुम्हीच सांगा, नाहीतर तपासणारा सांगतो.

पायरी ५: एकच गोष्ट बदलून बघा

सगळ्या पद्धतीतली ही पायरी मी कधीच सोडत नाही, आणि वेळ कमी असेल तर बाकीची काटून हिला ठेवा. परिस्थितीतला एकच तपशील बदलायचा, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि आपलं उत्तर हलतं का बघायचं. हललं तर तो तपशील भार उचलतोय. नाही हललं तर तो सजावट आहे, निबंधातून काढा.

समजा आत्ता तुमचं उत्तर आहे 'मित्राने नकार दिल्यावर मॅडमना सांगावं'. आता बदल करा. ती मुलगी वर्गमैत्रीण नसून दुसऱ्या वर्गातली, तोंडओळखही नसलेली असती तर? उत्तर तेच राहतं, निर्दोषाला शिक्षा होतेयच. मग 'ती अतिशय मेहनती आणि प्रामाणिक मुलगी आहे' हा तुमचा सहा ओळींचा परिच्छेद कशासाठी आहे? काढा. (हा परिच्छेद मी इतक्यांदा वाचलाय की आता पाठ झालाय.)

शून्याऐवजी दोन मार्क जाणार असते तर? आता बऱ्याच जणांचं उत्तर डळमळतं, दोन मार्कांसाठी दिलेला शब्द मोडावा का असं वाटायला लागतं. म्हणजे तुमच्या मनात न्याय हा 'काही झालं तरी' वाला नाहीये, नुकसान किती यावर तो अवलंबून आहे. हे तुम्हाला स्वतःला माहीत नव्हतं आणि आता कळलं. मग 'अन्याय कितीही लहान असो, तो सहन करू नये' असलं वाक्य तुमच्या निबंधात असेल तर ते तुमच्याच उत्तराच्या विरोधात जातंय.

शुक्रवारचा निर्णय नंतर फिरवता येणार असता तर? मग थांबा, मित्राला आणखी वेळ द्या, असं उत्तर येतं. म्हणजे निर्णय कायमचा असणं हाही भार उचलतोय.

आणि वचन आधी न घेता मित्राने सगळं सांगून टाकल्यावर म्हटलं असतं 'कुणाला सांगू नको हं', आणि तुम्ही सगळं माहीत असूनही हो म्हणाला असतात तर? इथे उत्तर बदलतं की नाही यावर प्रामाणिक माणसांतही मतभेद होतात. मला वाटतं शब्द जास्त जड होतो, कारण आता तुम्ही डोळे उघडे ठेवून दिलाय. दुसरा कुणी म्हणेल की अन्याय झाकायचा शब्द कधीही बंधनकारक नसतो. कुठलीही बाजू घ्या, पण हा प्रश्न निबंधात आला की तुमचा पेच 'आंधळेपणाने दिलेला शब्द कितपत बांधतो' इतका टोकदार होतो, आणि ते शीर्षकालाही चालेल.

पायरी ६: निर्णय, आणि निर्णयानंतर उरलेलं

आता फरक बघा. पहिला ड्राफ्ट: 'वरील सर्व विचारांती असे वाटते की सत्य सांगणेच योग्य ठरेल.' दुरुस्त केलेला: 'मित्राने गुरुवारपर्यंत कबुली दिली नाही तर मी मॅडमना सांगावं, कारण माझा शब्द काय झाकणार आहे हे मला माहीत नसताना घेतला गेला होता आणि शुक्रवारनंतर तिचं नुकसान भरून निघणार नाही. यातलं एक जरी बदललं असतं तर मी आणखी थांबलो असतो.' दुसऱ्यात दोन कारणं आहेत, दोन्ही पाचव्या पायरीतून आलीत, आणि उत्तराची हद्दही सांगितलीय. आता मधले परिच्छेद झाकले तर शेवट समजणारच नाही.

यानंतर एकच आक्षेप घ्या, पण सगळ्यात तगडा. 'मित्र मनाने वाईट नव्हता, ग्रुपसाठी केलं' हा तगडा नाही, त्याने शिक्षा कमी होईल, मुलगी वाचत नाही. तगडा आक्षेप असा: असे शब्द मोडायला लागलो तर पुढच्या वेळी कुणी कुणाला काही सांगणारच नाही, आणि मग असे अन्याय उघडही होणार नाहीत. याला उत्तर द्या, पूर्ण परतवता नाही आला तर किती मान्य ते लिहा. मान्य केल्याने मार्क जात नाहीत.

आणि शेवटचं, जे जवळजवळ कुणीच लिहीत नाही. बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाने 1965 मध्ये दाखवलं की खऱ्या पेचात जी बाजू आपण सोडली ती नाहीशी होत नाही, तिचं देणं मागे राहतं. आपल्याकडे याचा अर्थ अगदी हातात धरण्यासारखा आहे. शब्द मोडणं बरोबर ठरलं तरी मित्राचं तुमच्याकडे काहीतरी येणं निघतं. म्हणून मॅडमकडे जाण्याआधी त्याला तोंडावर सांगायचं की मी सांगायला चाललोय, पाठीमागून करायचं नाही, आणि मॅडमना हेही सांगायचं की त्याने तिचा रिकामा भाग भरायला म्हणून ते केलं होतं. या दोन ओळींनी कळतं की मित्राची बाजू तुम्ही खरंच तोलली होती.

शब्दमर्यादेचं विचाराल तर हजार शब्दांच्या निबंधात मी परिस्थितीला दीडशेच्या वर जाऊ देत नाही, पेचाचं वाक्य आणि पर्याय मिळून दोनशे, थिअरी अडीचशे, तपशील बदलून बघणं अडीचशे, आणि उरलेले दीडशे निर्णय, आक्षेप आणि देण्याला. शाळेचा पाचशेचा असेल तर रॉस-कांटची नावं सरळ गाळा, पहिली, तिसरी आणि पाचवी पायरी ठेवा. आणि एवढं करूनही शेरा तोच आला तर पहिल्या पायरीचं वाक्य परत काढून तिसरी रिकामी जागा बघा, मी बघितलेल्या अशा बहुतेक ड्राफ्टमध्ये ती एकतर कोरी असते नाहीतर तिथे 'कारण दोन्ही महत्त्वाचे आहेत' एवढंच लिहिलेलं असतं.